फॉर्मेशन ट्रायलच्या नोंदी: 24 सेल, तीन गट, एक पहिलं चार्जिंग

30 जून 2025, सोमवार

उद्या फिलिंग आहे म्हणून आज प्लॅन लिहून ठेवते, नंतर कोणी विचारलं की असं का केलं तर सापडायला पाहिजे.

लिथिअम-आयन सेल आपले नेहमीचेच, 3 अँपिअर-तासांचे पाऊच, कॅथोड एलएफपी म्हणजे लिथिअम आयर्न फॉस्फेट, अ‍ॅनोड ग्रॅफाइट, इलेक्ट्रोलाइटमध्ये इथिलीन कार्बोनेट आणि दोन टक्के व्हिनिलीन कार्बोनेट. एकूण 24 सेल, आठ-आठचे तीन गट. वरून मागणी एवढीच आहे की फॉर्मेशनचा, म्हणजे नव्या सेलच्या पहिल्या चार्जिंगचा आणि त्याच्या आधी-नंतरच्या थांबण्याचा, वेळ कमी करा, कारण सगळी लाईन पटापट चालते आणि फॉर्मेशनच्या रॅकपाशी येऊन तुंबते. कोटिंग मिनिटांत होतं, स्टॅकिंग मिनिटांत होतं, आणि मग तोच सेल चॅनलवर आणि एजिंगच्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहतो.

वेळ दोन ठिकाणी जातो, एक सोकिंगमध्ये म्हणजे इलेक्ट्रोलाइट भरल्यावर तो आत मुरायची वाट बघण्यात, आणि दुसरा पहिल्या हळू चार्जिंगमध्ये. म्हणून गट असे, यात सी/20 म्हणजे सेल वीस तासांत पूर्ण चार्ज होईल एवढा करंट:

अ गट: 24 तास सोक, मग 25 अंशांवर सी/20 ने तीस टक्क्यांपर्यंत, पुढे सी/10. हा आपला जुना प्रोटोकॉल.
ब गट: सोक फक्त 8 तास, चार्जिंग अ सारखंच हळू.
क गट: सोक पूर्ण 24 तास, पण चार्जिंग सरळ सी/3 ने आणि 45 अंशांवर.

माझा अंदाज लिहून ठेवते, क बिघडेल, ब चालून जाईल. फास्ट चार्जिंगची भीती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे, सोकिंगची तेवढी नाही.

1 जुलै

फिलिंग संध्याकाळी सहाला संपलं. ड्राय रूमचा ड्यू पॉइंट उणे 40 च्या खाली टिकला, म्हणजे हवा अगदी कोरडी राहिली, बाहेर धो धो पाऊस असूनही.

एका तासात सगळ्या 24 सेलना टॅप चार्ज दिला, अगदी थोडा करंट देऊन 1.5 व्होल्टपर्यंत नेऊन ठेवलं. ट्रेनी मुलीने विचारलं की मॅडम अजून मुरलंच नाही तर चार्ज कशाला, प्रश्न बरोबर होता म्हणून उत्तर इथे लिहिते. ताज्या भरलेल्या सेलचं व्होल्टेज जवळपास शून्य असतं, आणि आपल्याला वाटतं शून्य म्हणजे सेफ. पण सेलचं व्होल्टेज म्हणजे नुसता दोन इलेक्ट्रोडमधला फरक. तो शून्य आहे याचा अर्थ ग्रॅफाइट पण कॅथोडएवढ्याच उंचीवर बसलंय, लिथिअमच्या तुलनेत तीन व्होल्टच्या वर. ग्रॅफाइटच्या खाली तांब्याची फॉइल आहे आणि त्या उंचीवर तांबं हळूहळू इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतं. मग पहिल्या चार्जमध्ये तेच तांबं परत ग्रॅफाइटवर जमतं, त्याचे काटे सेपरेटरमधून वर येतात आणि पुढे तो सेल न वापरता पडल्या पडल्या उतरत राहतो. 1.5 व्होल्ट दिला की ग्रॅफाइट साधारण 1.9 व्होल्टवर उतरतं, तांबं सुरक्षित, आणि इलेक्ट्रोलाइट फुटायला अजून बराच वेळ. म्हणजे मुरण्यासाठी निवांत जागा मिळते. शनिवारी भरून सोमवारी चार्ज लावू असं या धंद्यात चालत नाही ते याच्यामुळे.

2 जुलै, पहाटे

ब गट दोन वाजता चार्जिंगला लावला. लावायच्या आधी 1 किलोहर्ट्झवर इम्पिडन्स, म्हणजे सेलचा आतला अडथळा, घेतला, ब चे सरासरी 31 मिलिओहम आले. शीटमध्ये फक्त नोंद केली, त्याच्यावर विचार केला नाही. ही ओळ पुढे लागणार आहे.

2 जुलै, रात्री

अ आणि क ला 24 तास झाले. इम्पिडन्स 22 मिलिओहम, आणि शेवटचे चार तास तो हललाच नव्हता.

अ च्या एका चॅनलसमोर आज मुद्दाम बसून राहिले. पहिलं चार्जिंग स्क्रीनवर बघणं मला अजूनही आवडतं, कारण सेलच्या अख्ख्या आयुष्यात हा कर्व्ह एकदाच येतो. दुसऱ्या सायकलपासून एलएफपीची ती ओळखीची सपाट रेघ येते आणि कायम तशीच राहते. पण पहिल्या वेळी व्होल्टेज चढताना 2.3 च्या आसपास थोडं रेंगाळतं, परत 2.6 च्या आसपास रेंगाळतं, आणि मगच वर जातं. dQ/dV, म्हणजे व्होल्टेज जरासं चढायला किती चार्ज लागला त्याचा आलेख, काढला की तिथे दोन छोटे उंचवटे दिसतात.

त्या दोन ठिकाणी काय होतं हेच सगळ्या फॉर्मेशनचं गाभ्याचं काम आहे. ग्रॅफाइटला लिथिअम आत घ्यायचं असतं पार खाली, लिथिअमच्या तुलनेत 0.2 व्होल्टच्या खाली. पण इलेक्ट्रोलाइटमधली कार्बोनेटं त्याच्या बरीच आधी, 0.8 च्या आसपास, म्हणजे सेलचं व्होल्टेज 2.6 असताना, ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेऊन फुटतात. म्हणजे खरं तर हा सेल टिकायलाच नको, दर चार्जला इलेक्ट्रोलाइट फुटत राहायला पाहिजे. तो टिकतो कारण फुटून जे पदार्थ बनतात, लिथिअमची कार्बोनेटं, फ्लोराइड आणि सेंद्रिय क्षार, ते पृष्ठभागावरच बसतात आणि त्यांचा काही दहा नॅनोमीटरचा थर होतो. लिथिअम आयन त्यातून जातो, इलेक्ट्रॉन जात नाही. इलेक्ट्रॉन अडला की पुढचं फुटणं थांबलं. इमॅन्युएल पेलेड यांनी 1979 साली लिथिअम धातूवरच्या अशा थराला सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज हे जे नाव दिलं त्याचंच लघुरूप आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो, एसईआय.

व्हिनिलीन कार्बोनेट त्यात आधी फुटतं, तो 2.3 वाला उंचवटा, आणि त्याचा थर चिवट असतो, पॉलिमरसारखा. त्याच्यामुळे मग इथिलीन कार्बोनेट कमी फुटतं आणि इथिलीन वायू पण कमी सुटतो.

हा थर कुठल्याही द्रावकाने बनत नाही हे मला दरवेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. प्रॉपिलीन कार्बोनेट म्हणजे इथिलीन कार्बोनेटच, फक्त एक मिथिल गट जास्त, पण तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत घुसून त्यांना सोलून काढतो आणि थर काही धरत नाही. त्या एका कारणाने ग्रॅफाइट कितीतरी वर्षं बॅटरीत वापरता येत नव्हतं. जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवलं की इथिलीन कार्बोनेट असेल तर हे फुटणं पहिल्याच चार्जमध्ये उरकतं आणि पुढे जवळजवळ थांबतं.

लाईनवरचे दादा म्हणाले, म्हणजे बिडाचा तवा तयार करतात तसंच झालं की हे. बरोबर आहे. पहिल्यांदा तेल लावून जो थर धरतो त्याच्यावर पुढचे सगळे डोसे, आणि जिथे तेल लागलंच नाही तिथे कायम चिकटणार. फक्त तवा घासून परत करता येतो, सेल नाही.

4 जुलै

तिन्ही गट झाले. अ आणि ब ला साधारण साडेचौदा तास लागले, क ला साडेतीनपेक्षा कमी. सगळ्यांच्या बाजूच्या गॅस बॅगा फुगल्या. सेल पाण्यात बुडवून वजन करून वायू मोजला, एक ग्रॅम उचल म्हणजे एक मिलिलिटर, अ मध्ये साधारण 7 मिली, क मध्ये 8, ब मध्ये 5. ब मध्ये कमी वायू म्हणून आम्ही चक्क खूश झालो.

मग डिगॅसिंग, बॅगेला व्हॅक्यूममध्ये भोक पाडून वायू काढला, फायनल सील, बॅग कापून टाकली. इथून पुढे आत जो वायू होईल त्याला जायला जागा नाही.

5 जुलै

पहिला डिस्चार्ज झाला, आता हिशोब.

अ: चार्ज 3.42, डिस्चार्ज 3.12 अँपिअर-तास. 91.2 टक्के परत आले.
ब: 3.36 आणि 3.06. 91.1 टक्के.
क: 3.42 आणि 3.10. 90.6 टक्के.

अ मधले हे गेलेले 0.30 अँपिअर-तास म्हणजे लिथिअमच्या वजनात साधारण 78 मिलिग्रॅम. सेलमध्ये फिरू शकणारं सगळं लिथिअम कॅथोडमधून येतं आणि ते एकदाच भरलेलं असतं, नंतर वरून टाकता येत नाही. त्यातलं जवळपास नऊ टक्के पहिल्या दिवशीच थर बांधण्यात खर्च झालं. एलएफपीचा फायदा असा की कॅथोड स्वतः पहिल्या सायकलला फारसं काही खात नाही, त्यामुळे हा आकडा जवळजवळ पूर्ण ग्रॅफाइटच्या थराचा धरता येतो. निकेलवाल्या कॅथोडला असं म्हणता येत नाही, तिथे काही लिथिअम कॅथोडमध्ये परत शिरायलाच नाखूश असतं आणि दोन्ही खर्च मिसळून जातात.

आणि लक्षात घ्यायचं ते हे की हा खर्च वाईट नाही. वाईट तो जो दर सायकलला होत राहतो. दर सायकलला 0.02 टक्के लिथिअम जात असेल तर 300 सायकलनंतर 94 टक्के उरतं. 0.1 टक्के जात असेल तर 74. पहिल्या दिवशी अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर त्याचं काही नाही, पण थर नीट बसला नाही आणि मागची गळती पाचपट राहिली तर सेल संपला.

ब ची कपॅसिटी दोन टक्के कमी आहे पण कोटिंगच्या वजनातच एवढा फरक पडतो म्हणून सोडून दिलं. मीटिंगमध्ये मी स्वतः सांगितलं की ब पास, सोळा तास वाचले.

6 जुलै, रविवार

सेल पाच-सात टक्के चार्जवर आणून 25 अंशांच्या एजिंग खोलीत ठेवले. इतक्या खाली का, तर एलएफपीचं व्होल्टेज मधल्या भागात इतकं सपाट असतं की सेल खरोखर उतरत असला तरी मिलिव्होल्टमध्ये दिसत नाही. तळाशी उतार आहे, तिथे थोडं लिथिअम गेलं की व्होल्टेज लगेच बोलतं. आज आषाढी, त्यामुळे खोलीत मी आणि दादा दोघंच.

13 जुलै

अ आणि क दिवसाला अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा कमी उतरतायत. ब चे आठपैकी सहा सेल दिवसाला साधारण 4 मिलिव्होल्ट.

पहिली शंका तांब्याची किंवा धातूच्या कणाची, म्हणजे आतला बारीक शॉर्ट. पण सहाच्या सहा सेलना एकाच वेळी एवढाच शॉर्ट होणं पटत नाही.

20 जुलै

दुसऱ्या आठवड्यात ब चा वेग दिवसाला दीड मिलिव्होल्टवर आला. म्हणजे शॉर्ट नाही. शॉर्ट असता तर तो थकत नाही, उतरणं चालूच राहतं. आपोआप मंदावणारी गोष्ट म्हणजे थर. पंधरा दिवसांपूर्वी बनायला हवा होता तो थर आत्ता कुठेतरी बनतोय आणि त्यासाठी ग्रॅफाइटमधलं लिथिअम घेतोय.

आणि सेल हातात घेतला तर मध्यभागी किंचित उशीसारखा लागतो. अ चे सेल पाटीसारखे सपाट. हा वायू डिगॅसिंगनंतरचा आहे, आता तो आतच राहणार. ब मध्ये 4 तारखेला वायू कमी निघाला होता तो चांगुलपणा नव्हता, काम अर्धवट झालं होतं.

22 जुलै

ब मधला एक सेल पूर्ण चार्ज करून ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ग्रॅफाइट स्वतःच्या रंगाने सांगतं की किती भरलंय. रिकामं काळं, थोडं भरलं की निळसर, अर्ध्यावर तांबूस, पूर्ण भरलं की सोनेरी. चांगल्या सेलची शीट उलगडली की कडेपासून कडेपर्यंत एकसारखं सोनं दिसतं.

ब ची शीट कडेने सोनेरी आणि मध्ये तळहाताएवढा डाग, तांबूस, काही ठिकाणी निळसर. आणि डागाच्या काठाने राखाडी चंदेरी रेघ, सगळीकडे नाही, तुटक तुटक. ती रेघ म्हणजे धातुरूप लिथिअम.

इलेक्ट्रोलाइट कडेने आत शिरतो, मध्यभागी सगळ्यात शेवटी पोचतो. 8 तासांत तो पोचलाच नव्हता असं माझं म्हणणं, पण हा सेल तीन आठवडे जुना, पुरावा म्हणून कच्चा.

23 ते 25 जुलै

म्हणून दोन नवे सेल भरले, 8 तास सोक, पहिलं चार्जिंग, आणि लगेच उघडले. मध्यभागी काळंच. ओलं सुद्धा नाही, कोरं. शंका संपली.

आता सगळी साखळी जुळते. पहिल्या चार्जला मधला भाग कोरडा होता म्हणून तिथे ना थर बनला ना लिथिअम शिरलं. सायकलरला हे कळत नाही, तो ठरलेला करंट देतच राहतो, त्यामुळे सगळा भार ओल्या भागावर पडला. कोरड्या भागासमोरच्या कॅथोडचा काही हिस्सा वाया गेला, त्याची ती दोन टक्के कमी कपॅसिटी जी मी कोटिंगवर ढकलली. डागाच्या काठावर तर समोरच्या कॅथोडचं लिथिअम यायचं, पण त्याला घ्यायला ओलं ग्रॅफाइट कमी, त्यामुळे तिथलं ग्रॅफाइट तुडुंब भरून उरलेलं लिथिअम वर धातू म्हणून बसलं. आपण अ‍ॅनोड कॅथोडपेक्षा दहा टक्के मोठा ठेवतो तो हेच टाळायला, पण ती दहा टक्क्यांची शिल्लक सगळा अ‍ॅनोड ओला आहे असं धरून मोजलेली असते.

मग पुढच्या दिवसांत इलेक्ट्रोलाइट हळूहळू मध्ये पोचला. पण तो जो पोचला त्यातलं व्हिनिलीन कार्बोनेट कडेच्या थरात बरंचसं खर्च झालेलं, आणि ज्या ग्रॅफाइटला तो भेटला त्याचं पोटेन्शिअल शेजारच्या भरलेल्या ग्रॅफाइटने आधीच खाली खेचलेलं. 2.3, मग 2.6, असं पायरी पायरीने उतरणं त्याच्या वाट्याला आलंच नाही. चिवट थर आधी आणि बाकीचा नंतर हा क्रम गेला, सगळं एकदम फुटलं, वायू झाला आणि तो बंद सेलमध्ये अडकला. अडकलेला बुडबुडा परत दोन शीटमध्ये कोरडी जागा करतो.

एवढं सगळं झालं आणि 5 तारखेच्या टक्केवारीत फरक किती, 0.1. कारण कोरड्या भागाने चार्ज पण घेतला नाही आणि खर्च पण केला नाही, वर आणि खाली दोन्हीकडून आकडा सारखाच घटला. ती टक्केवारी फक्त ज्या भागाने काम केलं त्याच्याबद्दल सांगते.

जे सांगत होतं ते दोन वाजताचं 31 मिलिओहम. अ आणि क 22 वर येऊन थांबले होते, ब अजून उतरत्या वाटेवर होता, म्हणजे मुरणं चालूच होतं. आणि ब चा dQ/dV पुन्हा काढून बघितला तर 2.6 चा उंचवटा बुटका आणि पसरट, तोही त्याच दिवशी दिसला असता.

27 ऑगस्ट, बुधवार

सायकलिंगचे आकडे, 45 अंशांवर सी/1 ने चार्ज आणि डिस्चार्ज, 300 सायकलनंतर उरलेली कपॅसिटी. आज घरी गणपती बसलेत, आरतीआधी एवढं लिहून घेते.

अ: सगळे सेल 95 टक्क्यांच्या आसपास, एकमेकांपासून एका टक्क्याच्या आत.
क: तेवढेच. दोन सेल अ पेक्षा किंचित वरच.
ब: सात सेल, सगळ्यात चांगला 92, सगळ्यात वाईट 84.

म्हणजे माझा 30 जूनचा अंदाज बरोबर उलटा पडला. हळू चार्ज केलेला पण न मुरलेला गट गेला, आणि चौपट जोरात चार्ज केलेला पण नीट मुरलेला गट राहिला.

क बद्दल मी उगाच उडी मारणार नाही. त्यात करंट आणि तापमान दोन्ही एकदम बदललं, त्यामुळे श्रेय कोणाचं हे या ट्रायलमधून निघत नाही. गरम इलेक्ट्रोलाइट पातळ असतो, आयन जोरात चालतात, त्यामुळे सी/3 असूनही धातू बसला नाही असं मला वाटतं. 2024 मध्ये स्टॅनफर्ड, एसएलएसी आणि टोयोटाच्या संशोधकांनी मिळून जे काम छापलं त्यातही हीच दोन बटणं, तापमान आणि करंट, सगळ्यात जड निघाली. त्यांनी तर पहिलं चार्जिंग दहा तासांवरून 20 मिनिटांवर आणलं आणि आयुष्य सरासरी 50 टक्क्यांनी वाढलं. पण त्यासाठी पहिल्याच फटक्यात नेहमीच्या नऊऐवजी तीस टक्के लिथिअम खर्च होऊ दिलं. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीलाच एवढं काढून घेतल्यावर दोन्ही इलेक्ट्रोडना पुढे मोकळी जागा मिळते, टोकापर्यंत ताणावं लागत नाही. आपल्या एलएफपीला ती जागा तशी उपयोगी पडत नाही, आणि तीन-चाकीच्या गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशीचे किलोमीटर कमी देऊन चालणार नाही, त्यामुळे आपण सी/3 च्या पुढे जात नाही.

2 सप्टेंबर

ठरलेलं लिहिते. सोकिंगला आता तास नाहीत. प्रत्येक ट्रेमधल्या चार सेलचा 1 किलोहर्ट्झ इम्पिडन्स दर दोन तासांनी घ्यायचा आणि सलग चार तास हलला नाही तरच ट्रे चॅनलवर. वीस तास लागले तर वीस, तीस लागले तर तीस. पुढच्या लॉटला फिलिंगनंतर व्हॅक्यूम-दाब असे तीन फेरे देऊन बघायचे, आतली हवा निघाली तर मध्यभाग लवकर ओला होईल, कदाचित सोळा तासांपैकी बरेचसे तिथेच परत मिळतील.

पहिलं चार्जिंग 45 अंशांवर सी/3, पण त्याच्या जोडीला एक नवा गट 25 अंशांवर सी/3, म्हणजे करंट आणि तापमान वेगळं करता येईल. आठ सेल, फिलिंग सोमवारी. प्रत्येक गटातला एक सेल पहिल्या चार्जनंतर लगेच उघडायचा, आकडे कितीही छान आले तरी.

ब चे उरलेले सात सेल स्क्रॅपला दिले नाहीत, 500 पर्यंत चालवते आहे.